उरलेला एक स्क्रू नेमका कुठला? फोटोवरून असं ओळखा

घरचा कॉम्प्युटर उघडला, धूळ झटकली, सगळं परत बसवलं आणि टेबलावर एक स्क्रू उरला. मग आपण काय करतो? त्याचा फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकतो, "हा कुठला आहे?" उत्तरं येतात, "स्टार स्क्रू आहे, कुठेही बसेल."

इथेच गडबड होते. कारण स्क्रूचं डोकं फक्त एवढंच सांगतं की त्याला कुठला स्क्रूड्रायव्हर लागेल. तो कुठे बसणार, हे सांगतात त्याचे आटे.

आधी फोटो नीट काढा

दोन फोटो लागतात. एक वरून, डोक्यावरची खाच दिसेल असा. दुसरा आडवा ठेवून, बाजूने. बाजूच्या फोटोत स्क्रूला चिकटून मिलिमीटरची पट्टी ठेवा. पट्टी नसेल तर 10 रुपयांचं नाणं ठेवा, त्याचा व्यास 27 मिमी असतो. मोबाईल अगदी जवळ नेऊ नका, आकार वेडेवाकडे दिसतात. थोडं लांबून झूम करा.

डोकं काय सांगतं?

आपल्याकडे अधिकच्या चिन्हासारख्या खाचेला सर्रास 'स्टार' म्हणतात. तिचं खरं नाव फिलिप्स. सहा टोकांची चांदणी दिसली तर तो टॉर्क्स. दुकानात नुसतं 'स्टार' सांगितलं तर फिलिप्सचाच स्क्रूड्रायव्हर हातात पडतो, म्हणून टोकं मोजा. सहा सरळ बाजूंचा खड्डा असेल तर ॲलन की लागेल.

अधिकच्या चिन्हाच्या चार हातांमध्ये चार बारीक तिरक्या रेघा दिसतात का? मग तो पॉझिड्राइव्ह. त्यात फिलिप्सचा स्क्रूड्रायव्हर घातला तर तो निसटतो आणि खाच झिजते.

आता आटे बघा

टोक अणकुचीदार आणि आटे लांब-लांब असतील तर तो स्क्रू लाकडात किंवा पातळ पत्र्यात स्वतःची वाट काढत जाणारा. टोक बोथट पण आटे लांब-लांब असतील तर तो बहुधा प्लॅस्टिकचा. टोक बोथट आणि आटे जवळ-जवळ, एकसारखे असतील तर तो मशीन स्क्रू. त्याला आधीच आटे पाडलेलं भोक लागतं, आणि तेही त्याच मापाचं.

आपला कॉम्प्युटरचा स्क्रू या शेवटच्या प्रकारातला. पण कॉम्प्युटरमध्ये मुख्यतः दोन मापं असतात. कॅबिनेट आणि 3.5 इंची हार्ड डिस्कला सहसा 6-32 लागतो. 2.5 इंची एसएसडी आणि डीव्हीडी ड्राइव्हला एम-3. दोघांचं डोकं फिलिप्स असू शकतं आणि जाडीत फरक असतो जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. फोटोत तो कळणं अवघड.

मग ओळखायचं कसं? आटे मोजून. एम-3 मध्ये दोन आट्यांमधलं अंतर 0.5 मिमी असतं, 6-32 मध्ये सुमारे 0.8 मिमी. एका आट्यावर हा फरक दिसत नाही, पण पट्टीवरच्या 5 मिमी लांबीत मोजलं की एम-3 चे 10 आटे भरतात आणि 6-32 चे फक्त 6. समजा, फोटो मोठा करून तुम्ही 6 मोजले. म्हणजे हा स्क्रू कॅबिनेटचा किंवा मोठ्या हार्ड डिस्कचा. तो एसएसडीत जोर लावून पिळला तर एसएसडीचे आटे जातील. उलट एम-3 हा 6-32 च्या भोकात नुसताच सैल फिरेल.

फोटो कुठे फसवतो?

स्क्रू उभा धरला की समोरचे आटे डावीकडून उजवीकडे वर चढताना दिसतात. उलटे चढत असतील तर तो डाव्या आट्यांचा, म्हणजे उलटा फिरवून घट्ट होणारा. सायकलच्या डाव्या पेडलला असेच आटे असतात. पण सेल्फी कॅमेऱ्याने काढलेला फोटो आरशासारखा उलटा सेव्ह झाला असेल, तर साधा स्क्रूही डावा दिसतो. म्हणून फोटो मागच्या कॅमेऱ्यानेच काढा.

आणि शेवटची खात्री हातानेच करा. योग्य भोकात मशीन स्क्रू सहसा नुसत्या बोटांनी दोन-तीन फेरे सहज आत जातो. पहिल्याच फेऱ्याला अडला, तर स्क्रूड्रायव्हर उचलू नका. आटे पुन्हा मोजा.