पासवर्ड बरोबर, तरी कुलूप उघडेना

व्हेराक्रिप्टसारख्या प्रोग्रॅमने बनवलेला एन्क्रिप्टेड कंटेनर ही बाहेरून पाहिली तर एकच मोठी फाइल असते. पासवर्ड देऊन ती जोडली, की संगणकावर एखादी नवी ड्राइव्ह दिसू लागते. वीज गेली किंवा विंडोज मध्येच गोठून बंद पडले, की कधी कधी हीच फाइल रोजचा पासवर्ड नाकारते. पडद्यावर संदेश येतो तो असा:

```
Operation failed due to one or more of the following:
 - Incorrect password.
 - Incorrect Volume PIM number.
 - Incorrect PRF (hash).
 - Not a valid volume.
```

बहुतेक जण पहिली ओळ वाचून थांबतात आणि आपणच पासवर्ड विसरलो, असे समजून तासन्‌तास वेगवेगळे शब्द टाकून पाहतात. खरे उत्तर बऱ्याचदा शेवटच्या ओळीत असते.

पासवर्ड चूक आहे हे प्रोग्रॅम ठरवतो कसे, ते आधी पाहायला हवे. पासवर्ड कंटेनरमध्ये कुठेच लिहून ठेवलेला नसतो, त्यामुळे तो ताडून पाहण्याचा प्रश्नच येत नाही. फाइलच्या अगदी सुरुवातीला 512 बाइटचा एक तुकडा असतो, त्याला हेडर म्हणतात. त्यातले पहिले 64 बाइट म्हणजे ‘सॉल्ट’, म्हणजे कंटेनर बनवताना घेतलेले यादृच्छिक आकडे. उरलेले 448 बाइट एन्क्रिप्ट केलेले असतात. पासवर्ड आणि सॉल्ट एकत्र घेऊन प्रोग्रॅम त्यांच्यावर एकच गणित लाखो वेळा करतो (SHA-512 निवडले असेल तर नेहमीच्या कंटेनरसाठी 5,00,000 वेळा) आणि त्यातून एक किल्ली तयार करतो. त्या किल्लीने हेडर उलगडले आणि आत VERA ही चार अक्षरे दिसली, शिवाय पडताळणीच्या दोन बेरजा जुळल्या, तर पासवर्ड बरोबर. नाही जुळल्या तर वरचा संदेश.

म्हणजे पासवर्ड चुकला काय किंवा हेडर बिघडले काय, प्रोग्रॅमला दोन्हींतला फरक कळतच नाही. सॉल्टमधला एक बिट जरी उलटला तरी तयार होणारी किल्ली पूर्णपणे वेगळी निघते. वीस जीबीची फाइल जशीच्या तशी असूनही तिचे दार बंद होते ते एवढ्याशा जागेमुळे.

हेडरमध्ये असते काय, तर ‘मास्टर की’. कंटेनरमधली सगळी माहिती या मास्टर कीने एन्क्रिप्ट केलेली असते, पासवर्डने नव्हे. तिजोरीची किल्ली एका छोट्या डबीत ठेवून डबीला आकड्यांचे कुलूप लावावे, तसा हा मामला आहे. पासवर्ड फक्त डबी उघडतो. म्हणूनच पासवर्ड बदलायला काही सेकंद पुरतात; वीस जीबी पुन्हा लिहावे लागत नाहीत, फक्त डबीचे कुलूप बदलते. आणि डबीच हरवली, तर कुलपाचा आकडा पाठ असून काही उपयोग नसतो.

सुदैवाने डबीची दुसरी प्रत असते. ट्रूक्रिप्ट 6.0 पासून, आणि पुढे त्याच्यापासून निघालेल्या व्हेराक्रिप्टमध्ये, फाइलच्या शेवटच्या 1,31,072 बाइटमध्ये हेडरचा बॅकअप आपोआप ठेवला जातो. त्याचे सॉल्ट वेगळे असते, त्यामुळे दोन्ही हेडर शेजारी ठेवले तरी सारखे दिसत नाहीत. मास्टर की मात्र तीच. सुरुवातीलाही 1,31,072 बाइट राखून ठेवलेले असतात आणि प्रत्यक्ष माहिती त्यानंतर सुरू होते. ही मोकळी जागा अडचणीच्या वेळी फार कामी येते, ते पुढे दिसेलच.

हेडर बिघडले असे मानण्याआधी साध्या शक्यता तपासाव्यात, कारण क्रॅशनंतर लोक पुष्कळदा विंडोज नव्याने टाकतात आणि घोळ तिथेच होतो. कीबोर्डची मांडणी अमेरिकीऐवजी ब्रिटिश झाली, तर @ आणि " या चिन्हांची अदलाबदल होते, आणि पासवर्ड ठिपक्यांनी झाकलेला असल्याने ते लक्षातही येत नाही. दुसरा फास याहून अवघड आहे. व्हेराक्रिप्टच्या 1.26 या आवृत्तीपासून जुने ट्रूक्रिप्ट कंटेनर आणि RIPEMD-160 वापरणारे कंटेनर उघडण्याची सोय काढून टाकली गेली. जुन्या संगणकावर रोज उघडणारी फाइल नव्या आवृत्तीत ‘चुकीचा पासवर्ड’ सांगते, आणि दोष मात्र क्रॅशच्या माथी जातो. अशा वेळी 1.25.9 ही आवृत्ती घेऊन पाहावे. कीफाइल वापरत असाल, तर तिचा पहिला 1 एमबी जसाच्या तसा असायला हवा. गाण्याची फाइल कीफाइल म्हणून ठेवली आणि एखाद्या प्लेअरने तिच्यात गायकाचे नाव भरले, तर तीही निकामी होते.

एवढे करूनही दार बंदच राहिले, तर पुढचे प्रत्येक पाऊल मूळ फाइलवर नव्हे, तिच्या प्रतीवर टाकायचे. हा नियम कंटाळवाणा वाटतो, आणि वीस जीबीची प्रत करायला वेळही लागतो. पण चुकीच्या जागी एकदा लिहिले गेलेले परत मागे घेता येत नाही.

एक उदाहरण घेऊ. एका कार्यालयाच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर hisheb.hc नावाचा नेमका 20 जीबीचा, म्हणजे 21,47,48,36,480 बाइटचा कंटेनर आहे. तो जोडलेला असतानाच वीज गेली. संगणक पुन्हा सुरू केल्यावर कुणीतरी डिस्कवर chkdsk /r चालवले. डिस्कवरचा एक क्लस्टर वाचता येत नव्हता, तो फाइलच्या सुरुवातीचाच निघाला. विंडोजने त्याच्या जागी नवा क्लस्टर जोडला, पण जुना मजकूर गेला. आता पासवर्ड चालत नाही. लिनक्सवर फाइलच्या प्रतीची दोन्ही टोके अशी पाहता येतात:

```
xxd -l 512 hisheb.hc
xxd -s -131072 -l 512 hisheb.hc
```

पहिल्या आज्ञेने सुरुवातीचे हेडर दिसते, दुसरीने शेवटचे. चांगले हेडर म्हणजे निव्वळ गोंधळ. त्यात कसलाही क्रम किंवा वाचता येणारा मजकूर सापडत नाही. इथे पहिल्या आज्ञेने ओळीमागून ओळ शून्येच दाखवली, दुसरीने मात्र अपेक्षित गोंधळ दाखवला. निदान झाले: पुढची डबी गेली, मागची बहुधा शाबूत आहे. (उलट तर्क मात्र करू नये. सुरुवातीला गोंधळ दिसला म्हणजे हेडर चांगलेच आहे असे नाही, कारण बिघडलेला गोंधळही गोंधळच दिसतो.)

आता प्रतीवर व्हेराक्रिप्टच्या Mount Options मध्ये दोन खुणा करायच्या: Use backup header embedded in volume if available आणि Mount volume as read-only. या मार्गाने फाइलवर एक अक्षरही लिहिले जात नाही, म्हणून हाच आधी. नेहमीचा पासवर्ड टाकला आणि ड्राइव्ह उघडली, तर आतले सगळे दुसऱ्या डिस्कवर काढून घ्यायचे. या उदाहरणात सगळ्या फाइली निघतात. गेलेला क्लस्टर 4,096 बाइटचा होता. त्यातले पहिले 512 बाइट तेवढे हेडरचे, बाकीचे राखीव जागेतले. प्रत्यक्ष माहितीपर्यंत इजा पोचलीच नाही.

हेडर कायमचे दुरुस्त करायचे तर कंटेनर आधी बंद करायचा, मग फाइल निवडून Volume Tools मधले Restore Volume Header घ्यायचे. तिथे प्रश्न येतो: फाइलच्या आतला बॅकअप वापरायचा, की बाहेर जपून ठेवलेली हेडरची फाइल? आतला निवडला की प्रोग्रॅम पासवर्ड विचारतो, मागची डबी उघडतो आणि नवे सॉल्ट घेऊन पुढे नवे हेडर लिहितो. ज्या डिस्कवर क्लस्टर खराब झाला, तिच्यावर मात्र दुरुस्त फाइल पुन्हा ठेवू नये.

पासवर्ड बदलतानाच वीज गेली असेल, तर एक वेगळी गंमत होते. प्रोग्रॅम आधी पुढचे हेडर लिहितो, मग मागचे. मध्येच काम तुटले, तर पुढचे अर्धवट आणि मागचे अजून जुन्या पासवर्डचे, अशी स्थिती राहते. तेव्हा बॅकअप हेडर जुन्या पासवर्डने उघडून पाहावे.

अख्खी डिस्कच एन्क्रिप्ट केली असेल, तर क्रॅशनंतर विंडोज तिला कोरी समजते आणि ‘इनिशियलाइझ’ करू का, असे विचारते. घाईत होकार दिला की पहिल्याच सेक्टरवर नवी नोंद पडते, आणि हेडर नेमके तिथेच असते. जीपीटी प्रकार निवडला तर डिस्कच्या शेवटीही नोंद होते, पण ती शेवटच्या 33 सेक्टरांत. बॅकअप हेडर शेवटून 256 व्या सेक्टरवर असल्याने वाचते. एवढ्यावर थांबलेला माणूस सुटतो. त्यानंतर फॉरमॅटही केले असेल, तर आतल्या माहितीवर लिहिले गेलेले असते, आणि ते हेडरने परत येत नाही.

इथून पुढे मर्यादा सुरू होतात. हेडर परत बसवणे म्हणजे फक्त डबी परत मिळवणे. पासवर्ड स्वीकारला जाऊनही विंडोज ‘फॉरमॅट करा’ म्हणत असेल, तर नाही म्हणायचे आणि जोडलेल्या ड्राइव्हचा पहिला सेक्टर पाहायचा. तिथे NTFS किंवा EXFAT ही अक्षरे दिसली, तर मास्टर की बरोबर आहे आणि बिघाड फाइल सिस्टिममध्ये आहे. मग फाइली सोडवणारे नेहमीचे प्रोग्रॅम जोडलेल्या ड्राइव्हवर चालवता येतात. तिथेही गोंधळच दिसला, तर बहुधा दुसऱ्याच कंटेनरचे हेडर बसले आहे, किंवा माहिती मूळ जागेवरून सरकली आहे. मधले थोडे बाइट बिघडले असतील, तर तेवढेच 16-16 बाइटचे तुकडे जातात, बाकी वाचते. पण पार्टिशनची सुरुवातच चुकीच्या सेक्टरवर धरली गेली, तर सगळेच निरर्थक वाचले जाते.

त्याच फाइलवर त्याच नावाने नवा कंटेनर बनवला गेला असेल, तर दोन्ही टोकांना नवी हेडर लिहिली जातात. अर्धवट कॉपी झालेल्या फाइलीचे शेपूट नसते, म्हणजे मागचे हेडरही नसते. अशा फाइलीचे पुढचे हेडर बिघडले तर आधाराला काही उरत नाही. विंडोजची स्वतःची ड्राइव्ह एन्क्रिप्ट केली असेल, तर तिच्यात मागे बॅकअप हेडर नसतेच. तिथे लागते ती सुरुवातीला बनवून घेतलेली रेस्क्यू डिस्क.

दोन्ही हेडर गेली आणि बाहेर प्रत नाही, तर पासवर्ड शंभर टक्के आठवत असूनही कुणीही काही करू शकत नाही. AES ची मास्टर की 256 बिटची, यादृच्छिक, आणि पासवर्डशी तिचे काहीही नाते नाही. डेटा रिकव्हरीच्या दुकानात फार तर खराब डिस्कवरून हेडरचे सेक्टर पुन्हा वाचून घेण्याचा प्रयत्न होऊ शकतो, आणि डिस्कच आजारी असेल तेव्हा तो करण्यासारखाही असतो. ‘एन्क्रिप्शन तोडून देऊ’ असे कुणी म्हणाले, तर पैसे खिशातच ठेवावेत. एकच वाट उरते, तीही वेळेत सुचली तर: कंटेनर अजून जोडलेला असेल, तर मास्टर की संगणकाच्या मेमरीत जिवंत असते आणि हेडर बिघडले तरी फाइली वाचता येतात. तेव्हा रीस्टार्ट न करता आधी सगळे बाहेर काढावे.

बाहेर ठेवायची प्रत Backup Volume Header या पर्यायाने बनते आणि जेमतेम 128 केबीची असते. ती कंटेनर असलेल्या डिस्कवरच ठेवली, तर ज्या दिवशी लागेल त्या दिवशी तीही गेलेली असते. शिवाय ती बनवतानाचा पासवर्ड तिच्यासोबत कायम राहतो. नंतर पासवर्ड बदलला तरी जुनी प्रत जुन्या पासवर्डनेच उघडते, कारण मास्टर की बदललेली नसते. जुना पासवर्ड कुणाला कळला असेल आणि जुनी प्रत त्याच्या हाती लागली, तर पासवर्ड बदलून काहीच साधत नाही. नवा कंटेनर बनवून माहिती त्यात हलवावी लागते.