पंधराशेचा फरक, सव्वीसशेचं बिल

हॉटेलात चेक-इन करताना काउंटरवरची मुलगी सहज विचारल्यासारखं विचारते, "मोठी खोली बघणार का?" तो प्रश्न कोणाला विचारायचा, हे मात्र सकाळीच ठरलेलं असतं. त्या दिवशी येणाऱ्या पाहुण्यांची यादी आणि वरच्या श्रेणीतल्या मोकळ्या खोल्या समोरासमोर ठेवून फ्रंट ऑफिस नावांवर खुणा करतं.

खूण करताना पहिला प्रश्न असतो, पैसे कोण देणार? कंपनीच्या खर्चाने आलेल्याला जादा रक्कम मंजूर करून घ्यावी लागते, म्हणून तो बहुधा नकोच म्हणतो. रात्री अकराला येऊन पहाटेच्या विमानाने जाणाऱ्याला समुद्र दाखवून उपयोग नाही. तीन-चार रात्री राहणारं, लग्नाचा वाढदिवस साजरा करायला आलेलं जोडपं किंवा जादा गादी मागणारं कुटुंब यांना विचारावं. गादीचं भाडं वाचत असेल, तर मोठ्या खोलीचा फरक त्यांना फारसा जाणवत नाही.

खरी मेख दरात असते. समजा, गोव्यातल्या एका हॉटेलात साधी खोली ६५०० रुपयांची आणि समुद्रासमोरची ८००० ची आहे. "फक्त पंधराशे जास्त," असं सांगितलं की पाहुणा हो म्हणतो. पण सप्टेंबर २०२५ पासून ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यापुढे १८ टक्के. म्हणजे साधी खोली करासह ६८२५ ला पडते, तर समुद्रासमोरची ९४४० ला. फरक रात्रीला २६१५ रुपयांचा. तीन रात्रींनंतर बिल हातात आलं की वाद ठरलेला.

तीच खोली मोकळी पडणार असेल, तर जाणता मॅनेजर ती ७५०० ला देऊ करतो. करासह ७८७५ होतात. हॉटेलला रात्रीला हजार रुपये जास्त मिळतात आणि पाहुण्याला १०५० मोजावे लागतात.

मग विचारायचं ते असं: "मॅडम, तीन रात्री आहात. समुद्रासमोरची एक खोली आज मोकळी आहे, बाल्कनीतून सूर्यास्त दिसतो. कर धरून रात्रीला १०५० रुपये जास्त पडतील. चालेल का?" यात खोलीत काय आहे ते कळतं, आकडा पूर्ण असतो आणि आधी घेतलेल्या खोलीला नावं ठेवलेली नसतात. "तुमची खोली जरा लहान आहे हो," असं म्हटलं आणि पाहुण्याने नकार दिला, तर त्याच खोलीत तो तीन दिवस कुरकुरत राहणार.

रांगेतल्या इतरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारू नये आणि एकदा नको म्हटलं की विषय तिथेच सोडावा. होकार मिळालाच, तर नवा दर करासह रजिस्ट्रेशन कार्डावर लिहून सही घ्यावी आणि मगच किल्ली द्यावी.