व्यायामासोबत ‘अँटिऑक्सिडंट’ गोळी हवी का?

व्यायाम सुरू केला की अनेकजण सोबत क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्याही सुरू करतात. व्यायामाने शरीरात ‘फ्री रॅडिकल्स’ वाढतात आणि गोळी त्यांना निकामी करते, असा त्यामागचा हिशेब असतो. हा हिशेब अर्धाच बरोबर आहे.

श्वासातून घेतलेला बहुतेक ऑक्सिजन पेशींमधील तंतुकणिकांत, म्हणजेच मायटोकॉन्ड्रियात वापरला जातो. अन्नातून मिळालेले इलेक्ट्रॉन तिथे प्रथिनांच्या साखळीतून पुढे सरकतात आणि शेवटी ऑक्सिजनला मिळून पाणी तयार होते. मात्र काही इलेक्ट्रॉन वाटेतच निसटून ऑक्सिजनला चिकटतात. त्यातून सुपरऑक्साइड हा तापट रेणू बनतो.

त्याच्या बंदोबस्तासाठी पेशीत एन्झाइम असतात. सुपरऑक्साइड डिसम्युटेज त्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते, तर कॅटलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज त्या पेरॉक्साइडचे पाणी करतात. पेरॉक्साइड उरले आणि त्याची मोकळ्या लोहाशी गाठ पडली, तर हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होते. ते पेशीच्या आवरणातील स्निग्ध रेणूंना एकामागून एक बिघडवते, प्रथिनांचा आकार मोडते आणि डीएनएमधील ग्वानिन बदलते. मग डीएनएची नक्कल करताना चूक होऊ शकते.

असे असेल तर गोळीने फायदाच व्हायला हवा. जर्मनीतील येना विद्यापीठातील मिखाएल रिस्टो आणि सहकाऱ्यांनी नेमके हेच तपासले. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात सुमारे 40 निरोगी तरुणांनी आठवड्यातून 5 दिवस, असा 4 आठवडे व्यायाम केला. निम्म्यांना रोज 1000 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि 400 युनिट ई जीवनसत्त्व दिले. उरलेल्यांना औषध नसलेली दिखाऊ गोळी.

निकाल उलटा लागला. व्यायामामुळे इन्सुलिनचा परिणाम सुधारतो, मधुमेह दूर ठेवण्यासाठी ते महत्त्वाचे असते. ही सुधारणा जीवनसत्त्वे न घेणाऱ्यांमध्येच दिसली. वर सांगितलेली संरक्षक एन्झाइम बनवण्याची जनुकेही त्यांच्याच स्नायूंमध्ये अधिक सक्रिय झाली.

संशोधकांच्या मते, व्यायामात थोडा वेळ वाढणारी ही रॅडिकल्स पेशीला ‘संरक्षण वाढव’ असा निरोप देतात. गोळी तो निरोपच पुसून टाकते. शिवाय एन्झाइमचा एकच रेणू आपले काम पुन्हा पुन्हा करत राहतो. जीवनसत्त्वाचा रेणू मात्र एकदा वापरला गेला की पूर्ववत करावा लागतो.

प्रयोग लहान होता, त्यात फक्त तरुण पुरुष होते आणि नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत असा परिणाम दिसलेला नाही. त्यात तपासल्या त्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या. आवळा, पेरू किंवा शेंगदाणे नव्हेत. त्यामुळे फळे सोडू नका, कमतरतेसाठी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्याही थांबवू नका. पण केवळ ‘व्यायाम करतो म्हणून’ रोज मोठ्या मात्रेची गोळी घेत असाल, तर ती कशासाठी, हे डॉक्टरांना एकदा जरूर विचारा.