बटणं दाबली, पण स्क्रीनशॉट कुठाय?

अँड्रॉइड टॅब्लेटवर पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दाबलं की स्क्रीनशॉट निघतो. 2011 साली आलेल्या अँड्रॉइड 4.0 पासून ही सोय आहे. तरीही कधी नुसती आवाजाची पट्टी दिसते, तर कधी स्क्रीनच बंद होते. याचा अर्थ दोन्ही बटणं शाबूत आहेत, वेळ तेवढी जुळलेली नाही. पहिलं बटण दाबल्यावर अँड्रॉइड दुसऱ्यासाठी साधारण 150 मिलिसेकंदच थांबतं, म्हणजे एका सेकंदाच्या सातव्या हिश्श्याइतकं. टॅब्लेट हातात उचलून धरला की बोटं मागंपुढं पडतात; म्हणून तो टेबलावर ठेवून दोन्ही हातांनी दाबून पाहावं.

पट्टी अजिबात दिसतच नसेल, तर आवाज कमी करायचं बटण एकटंच दाबून बघा. तरीही काही हललं नाही, तर बटण गेलं आहे. अंगठा दुखेपर्यंत दाबत बसण्यात अर्थ नाही.

समजा, रेल्वेचं तिकीट समोर आहे आणि हे बटण मेलेलं आहे. अशा वेळी Settings मध्ये Accessibility उघडावं आणि त्यातलं Accessibility Menu सुरू करावं. सॅमसंगच्या टॅब्लेटवर याच कामाचं Assistant menu असतं. ही सोय ज्यांना बटणं दाबणं जड जातं त्यांच्यासाठी केलेली, पण बिघडलेल्या बटणालाही तितकीच उपयोगी पडते. पडद्याच्या कडेला किंवा खालच्या पट्टीत एक छोटं चिन्ह येतं. आता तिकिटाच्या पानावर परत जायचं, त्या चिन्हाला स्पर्श करायचा आणि उघडलेल्या चौकटीतलं Screenshot निवडायचं. चौकट आधी मिटते आणि मग चित्र निघतं, त्यामुळे ती तिकिटावर उमटत नाही. आवाज कमी-जास्त करणं, स्क्रीन लॉक करणं हेही तिथूनच होतं, म्हणजे दुरुस्तीवाल्याकडे जाण्याची घाई उरत नाही. घरात यूएसबी किंवा ब्लूटूथ कीबोर्ड असेल, तर तो जोडून Print Screen दाबलं तरी बहुतेक टॅब्लेटवर काम होतं. एवढ्यासाठी जाहिरातींनी भरलेली स्क्रीनशॉटची ॲप उतरवून घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

बटणं, मेनू, कीबोर्ड सगळं ठीक असूनही एखाद्याच ॲपमध्ये स्क्रीनशॉट नाकारला जातो किंवा काळं चित्र मिळतं. हा बिघाड नव्हे. ॲप बनवणाऱ्यानंच आपल्या पडद्याला तसं संरक्षण दिलेलं असतं. बँकांची ॲप, पैसे भरून पाहायचे चित्रपट, क्रोममधली इनकॉग्निटो टॅब ही त्याची नेहमीची ठिकाणं. खात्री करायची तर होम स्क्रीनचा स्क्रीनशॉट काढून पाहावा. तो निघाला तर टॅब्लेटचा दोष नाही. बँकेच्या व्यवहाराचा पुरावाच हवा असेल, तर ॲपमधून पावती किंवा स्टेटमेंटची पीडीएफ उतरवून घ्यावी.