पाठीवरचे साठ शब्द

पुस्तकाच्या दुकानात अनोळखी नावाचे पुस्तक हाती आले की माणूस आधी मुखपृष्ठ पाहतो आणि लगेच पुस्तक उलटे करतो. कादंबरी असेल तर मलपृष्ठावरची पाठराखण वाचून तो आत शिरतो. पण पुस्तक इतिहासाचे, पाण्याचे, औषधांचे किंवा शेतीचे असेल, तर त्याच्या मनात आणखी एक प्रश्न असतो: हे सांगणारा कोण, आणि त्याला हे कसे ठाऊक? प्राध्यापकाचे किंवा डॉक्टरांचे उत्तर त्यांच्या पदातच असते. बँकेत, एसटीत किंवा औषधाच्या कंपनीत नोकरी करणाऱ्या आणि पहिलेच पुस्तक लिहिणाऱ्या माणसाला मात्र ते उत्तर लेखक-परिचयाच्या चार ओळींत द्यावे लागते.

जागा खरोखरच चार ओळींचीच असते. मराठीत नेहमी दिसणारे डेमी आकाराचे पुस्तक साधारण साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच असते. मलपृष्ठाचा वरचा मोठा भाग पाठराखणीला जातो. खाली एका कोपऱ्यात आयएसबीएनचा बारकोड आणि किंमत येते. उरलेल्या पट्टीत तिकिटाएवढा फोटो आणि पन्नास ते सत्तर शब्द नीट बसतात. लेखकाने दीडशे शब्द पाठवले की मांडणी करणारा अक्षर लहान करतो, आणि गडद रंगावर पांढऱ्या बारीक अक्षरात छापलेल्या वेलांट्या, मात्रा दुकानातल्या उजेडात वाचता येत नाहीत.

या अडचणीतून नवे लेखक दोन वाटांनी सुटू पाहतात आणि दोन्ही वाटा चुकतात. एक वाट बायोडेटाची: जन्मगाव, पदवी, नोकरीतली पदे, संस्थांची सदस्यत्वे. दुसरी वाट नोकरी लपवण्याची. तिथे ‘ज्येष्ठ अभ्यासक’, ‘संशोधक’ अशी बिरुदे येतात. ही बिरुदे दुसऱ्याने द्यायची असतात. स्वतःच्या पुस्तकावर स्वतःच छापली की जाणकार वाचक सावध होतो.

दामोदर धर्मानंद कोसंबींचे उदाहरण इथे फार उपयोगी आहे. १९०७ साली गोव्यात कोसबेन इथे जन्मलेले कोसंबी पेशाने गणिती होते. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी गणित शिकवले आणि १९४० च्या दशकाच्या मध्यापासून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे काम करत होते. १९५६ मध्ये त्यांचे प्राचीन भारताच्या इतिहासावरचे मोठे इंग्रजी पुस्तक मुंबईच्या पॉप्युलर बुक डेपोने प्रकाशित केले. आता या पुस्तकासाठी परिचय लिहायचा झाला तर? हार्वर्डची पदवी आणि गणिताचे अध्यापन एवढेच लिहिले तर माणूस हुशार असल्याचे कळते, पण त्याच्या इतिहासावर विश्वास का ठेवावा हे कळत नाही.

त्याचे उत्तर कोसंबींच्या कामात आहे. नाणे हातोहात फिरते तसे झिजते आणि त्याचे वजन घटते. कोसंबींनी चलनातली आधुनिक नाणी हजारोंनी तोलून ही घट संख्याशास्त्राने तपासली आणि मग तीच पद्धत प्राचीन आहत नाण्यांना लावली. कोणते नाणे जास्त काळ फिरले असावे, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी फिरून त्यांनी दगडी हत्यारेही गोळा केली. ‘व्यवसायाने गणिती, नाण्यांच्या झिजेवरून काळाचा माग काढण्यासाठी त्यांनी हजारो नाणी तोलली’ एवढे एक वाक्य लिहिले की नोकरी आणि पुस्तक यांच्यातला सांधा दिसतो. गणित इथे परके राहत नाही, ते हत्यार होते.

असा सांधा प्रत्येकाकडे इतका ठसठशीत नसतो, तरी शोधला की बहुधा सापडतो. एक कल्पित उदाहरण घेऊ. लातूरच्या एका सहकारी बँकेत अंतर्गत तपासणी करणाऱ्या बाईंनी मराठवाड्यातल्या बारवांवर पुस्तक लिहिले आहे. त्यांचा पहिला खर्डा असा: ‘जन्म शेतकरी कुटुंबात. वाणिज्य शाखेची पदवी प्रथम श्रेणीत. गेली २२ वर्षे बँकेत कार्यरत. लहानपणापासून वाचनाची व भटकंतीची आवड. विविध सामाजिक संस्थांशी संलग्न. बारवांच्या अभ्यासक.’

यावर बोट ठेवून बारव हा शब्द झाका. उरलेला मजकूर पाककृतींच्या पुस्तकावरही चालेल, किल्ल्यांच्याही. परिचय फसल्याची ही खात्रीची खूण.

चांगला संपादक अशा वेळी वाक्ये सुधारत बसत नाही, प्रश्न विचारतो. बारवा किती पाहिल्या? चौसष्ट. मोजल्या किती? एकेचाळीस, टेप लावून. पहिली कधी? २०१३ मध्ये, एका शाखेच्या तपासणीला गेल्या असताना. शिलालेख कोणी वाचले? ते एका जाणकाराने वाचून दिले. म्हणजे शिलालेखांचे श्रेय परिचयात घ्यायचे नाही. ते ऋणनिर्देशात त्या जाणकाराच्या नावाने जाईल. ‘गेली अकरा वर्षे’ असेही लिहायचे नाही, कारण दुसऱ्या आवृत्तीत ते खोटे ठरते. साल लिहिले की ते टिकते.

मग मजकूर असा होतो: ‘लेखिका लातूरच्या एका सहकारी बँकेत अंतर्गत तपासणीचे काम करतात. शाखा तपासायला गावोगावी जाताना २०१३ मध्ये त्यांनी पहिली बारव मोजली. तेव्हापासून सुट्टीच्या दिवसांत त्यांनी मराठवाड्यातल्या ६४ बारवा पाहिल्या आणि त्यांपैकी ४१ बारवांचे नकाशे स्वतः मोजमापे घेऊन काढले. ते सर्व नकाशे या पुस्तकात आहेत. बारवा साफ करणाऱ्या गावकऱ्यांशीही त्या सविस्तर बोलल्या आहेत. हे त्यांचे पहिले पुस्तक.’

साठाच्या आतबाहेर शब्द, आणि त्यात एकही विशेषण स्तुतीचे नाही. नोकरी पहिल्याच वाक्यात आहे आणि दुसऱ्या वाक्यात तीच कामाला लागली आहे. ‘पहिले पुस्तक’ ही कबुली शेवटी येते, तोवर वाचकाने ४१ नकाशे ऐकलेले असतात, म्हणून ती उणी वाटत नाही. वाचनाची आवड गेली ते योग्यच झाले. पूर्वी एखाद्या नियतकालिकात लेख आला असेल तर त्याचे नाव आणि साल द्यावे; ‘विविध नियतकालिकांतून लेखन’ या शब्दांनी काहीच सिद्ध होत नाही.

बँकेचे नाव मुद्दाम घातलेले नाही. नाव छापले की पुस्तकातली मते संस्थेची असल्याचा भास होतो आणि मालकाचा आक्षेप येऊ शकतो. सरकारी नोकरांनी तर इथे विशेष जपावे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांनुसार पुस्तक लिहिणाऱ्याने मांडलेली मते स्वतःची आहेत, सरकारची नव्हेत, हे स्पष्ट करावे लागते. असा खुलासा आतल्या श्रेयपानावर नीट बसतो. परिचयात पदनामाचा रुबाब आणि आत खुलासा, अशी विसंगती तेवढी नको.

मलपृष्ठाचे काम बहुधा सगळ्यात शेवटी, छपाईच्या घाईत होते आणि परिचय एका संध्याकाळीत मागितला जातो. म्हणून तो हस्तलिखिताबरोबरच लिहून ठेवावा. मलपृष्ठाचे प्रूफ आले की त्यातला प्रत्येक आकडा पुस्तकाच्या आतल्या आकड्याशी ताडून पाहावा. पाठीवर ६४ बारवा आणि परिशिष्टात ६१ असतील, तर ती चूक छपाईपूर्वी लेखकालाच सापडली पाहिजे.