परकराची नाडी सैल होते तेव्हा

वजन वाढलेलं नाही, उलट चेहरा उतरलाय; पण परकराची नाडी मात्र सैल बांधावी लागते. ५६ वर्षांच्या एखाद्या काकूंचं उदाहरण घेऊ. पाळी जाऊन पाच वर्षं झालेली. पूर्वी दीड भाकरी सहज खायच्या, आता चतकोरातच पोट भरतं. ओटीपोटात मंद दुखत राहतं, लघवीलाही सारखं जावं लागतं. घरात ओव्याचं पाणी होतं, मग पित्ताच्या गोळ्या. दोन महिने असेच जातात.

अशा तक्रारी असणाऱ्या बहुतेक बायकांना कॅन्सर नसतो, हे आधी सांगायला हवं. गॅसने फुगलेलं पोट सहसा रात्रीतून उतरतं. काकूंचं सकाळी उठल्यावरही तसंच गच्च असतं. अंडाशयाच्या गाठीतल्या पेशी सुटून पोटाच्या आतल्या अस्तरावर आणि आतड्यांपुढच्या चरबीच्या पडद्यावर रुजू शकतात. मग पोटात पाणी साठतं, जठराला फुगायला जागा उरत नाही आणि चार घासांतच जेवण नको होतं.

म्हणून दिवस मोजायचे. तक्रार गेल्या वर्षभरातली, म्हणजे नवी आहे का? आणि महिन्यात १२ पेक्षा जास्त दिवस होते का? स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खूण केली तरी पुरते. दोन्हींचं उत्तर 'हो' असेल, तर तपासणी हवीच. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच आतड्यांचा 'आयबीएस' सुरू होणं विरळा, त्यामुळे तेवढ्या निदानावर थांबू नये.

डॉक्टर पोट आणि आतून ओटीपोट तपासतात, सीए-१२५ ही रक्तचाचणी आणि सोनोग्राफी सांगतात. या चाचणीत ३५ च्या आतला आकडा सामान्य धरतात. समजा काकूंचा १८० आला, सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांत घट्ट भाग असलेल्या गाठी आणि पोटात पाणी दिसलं. मग जोखमीचा गुणाकार होतो: सोनोग्राफीचे ३, पाळी गेल्याचे ३, गुणिले १८०, म्हणजे १६२०. साधारण २०० च्या वर गेलं की स्त्रियांच्या कॅन्सरच्या सर्जनकडे पाठवतात. तरीही हे निदान नव्हे. पोटाचा क्षयरोग हुबेहूब असंच चित्र उभं करतो आणि आपल्याकडे तो दुर्मीळ नाही. खरं उत्तर पेशींच्या तपासणीतूनच मिळतं.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यात असताना जवळपास निम्म्या बायकांचा सीए-१२५ सामान्यच येतो. पॅप स्मिअर तर गर्भाशयमुखासाठी असते. ती चांगली आली म्हणून अंडाशय ठीक आहेत असं होत नाही. तेव्हा रिपोर्ट ठीक आले आणि कॅलेंडरवरच्या खुणा मात्र थांबल्या नाहीत, तर तेच कॅलेंडर घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जायचं.