बिल टॅलीत आहे, पोर्टलवर नाही

कर सल्लागाराच्या ऑफिसात इंटर्नशिपला आलेल्या बी.कॉम.च्या मुलाच्या हाती पहिल्यांदा येते ती बिलांची फाईल. टॅलीत F8 दाबले की विक्रीचे व्हाउचर उघडते, F9 ने खरेदीचे. खरेदी नोंदवताना पुरवठादाराचा बिल नंबर त्याच्या बिलावर आहे तसाच टाकायचा. टॅलीचा स्वतःचा व्हाउचर नंबर वेगळा असतो. तो तिथे टाकला तर पुढे ताळमेळ बसत नाही.

समजा, पुण्यातल्या दुकानदाराने जूनमध्ये पुण्यातूनच ५०,००० रुपयांचा माल घेतला. १८ टक्के दराने कर ९,००० रुपये : निम्मा सीजीएसटी, निम्मा एसजीएसटी. त्याच महिन्यात त्याने ८०,००० रुपयांची विक्री केली, तिच्यावरचा कर १४,४०० रुपये. खरेदीवरचा कर वजा जाता ५,४०० रुपये भरायचे, असे टॅली दाखवते.

पण ही वजावट मिळण्यासाठी ते बिल पोर्टलवरच्या जीएसटीआर-२बी या विवरणातही दिसावे लागते. मासिक विवरण भरणाऱ्या पुरवठादाराने ११ जुलैपर्यंत जीएसटीआर-१ भरले, तर १४ तारखेला तयार होणाऱ्या २बीमध्ये बिल येते. त्याने उशीर केला, तर ते पुढच्या महिन्यात ढकलले जाते आणि दुकानदाराला सध्या पूर्ण १४,४०० भरावे लागतात.

म्हणून इंटर्न जीएसटी क्रमांक, बिल नंबर, तारीख आणि कराची रक्कम ओळीने ताडून पाहतो. बिल सापडले नाही, तर आधी आपली नोंद तपासायची, मग पुरवठादाराला फोन लावायचा.